दहा जणींची सहल, सात जणींचा हिशेब: लग्नाआधीच्या एका सहलीचं प्रकरण

लग्न ठरलेल्या मैत्रिणीला घेऊन सगळ्यांनी मिळून कुठंतरी जायचं आणि तिला खर्च पडू द्यायचा नाही, हे ठरवायला ग्रुपवर अर्धा तास पुरतो. तेवढ्या वेळात सगळ्या "हो" म्हणतात, बदाम टाकतात आणि आपापल्या कामाला लागतात. त्या "हो"मध्ये किती रक्कम आहे, ती कधी द्यायची आणि ऐनवेळी यायला जमलं नाही तर काय, याचा विचार तेव्हा कुणीच केलेला नसतो. पुढची भांडणं नेमकी तिथून निघतात.

इथं एकाच सहलीचं प्रकरण मांडते आहे. मुक्काम 3 रात्रींचा, ठिकाण समुद्रकाठचं, लग्न सहलीनंतर 5 आठवड्यांनी. सुरुवातीला आम्ही दहा जणी होतो, एक उत्सवमूर्ती आणि नऊ खर्च करणाऱ्या. प्रत्यक्षात गेल्या आठ. आमच्यातल्या एकीनं बुकिंगचं सगळं पाहिलं आणि पैसे माझ्याकडे होते. ही विभागणी मुद्दाम केली होती. जी घर शोधते, मालकाशी बोलते, गाडी ठरवते, तिनंच पैसे मागायचे म्हटलं की दोन्हींतलं एक काम मागं पडतं, आणि ते नेहमी पैसे मागण्याचंच असतं.

रकमा चलनात देत नाही, भागांत देते. प्रमाण कळलं की कुणालाही आपले आकडे घालून बघता येतील.

कमाल आकडा, खासगीत

ग्रुपवर "बजेट किती ठेवू या?" असं विचारलं की जिला परवडतं तीच बोलते. जिला परवडत नाही ती गप्प राहते आणि मग दोन महिन्यांनी तिला "ऑफिसमध्ये सुट्टी मिळत नाही". म्हणून मी प्रत्येकीला वेगळा मेसेज केला: तुझ्या घरापासून एकत्र जमण्याच्या ठिकाणापर्यंतचा प्रवास सोडून, कुठल्या रकमेच्या वर गेलं तर तू नाही म्हणशील? तेवढा एकच आकडा दे, कारण सांगू नकोस. तो मी कुणाला सांगणार नाही.

उत्तरं 22 भागांपासून 40 भागांपर्यंत आली. ग्रुपवर तोवर जी स्वप्नं रंगत होती, त्यांचा हिशेब डोक्यामागे 30 च्या आसपास जात होता. सरासरी काढली असती तर ती 30 च्या जवळच आली असती आणि दोघी-तिघी मुकाट्यानं गळाल्या असत्या. इथं सरासरीला काही अर्थ नसतो. उत्सवमूर्तीला जी हवीच आहे अशा मैत्रिणींपैकी सर्वांत कमी आकडा जिचा, तीच मर्यादा. आमच्यात 22 म्हणणारी ही तिची शाळेपासूनची मैत्रीण होती. त्यामुळे 22 ही मर्यादा ठरली. हे 22 कुणाचे, हे फक्त मला माहीत होतं.

तारखांचंही असंच. "कुणाला कधी जमेल?" असा मोकळा प्रश्न विचारला तर दहा जणी दहा गोष्टी सांगतात. बुकिंग पाहणारीनं आधी उत्सवमूर्तीला विचारून तीन शनिवार-रविवार काढले आणि त्यांवरच मत घेतलं, तेही चार दिवसांच्या मुदतीत. लग्नाच्या अगदी आधीचे दोन-तीन आठवडे तिनं मुळातच सोडून दिले. त्या काळात कपड्यांची मापं, पाहुणे, फोन असतात, शिवाय उन्हानं काळवंडलेलं नाक किंवा मुरगळलेला पाय बरा व्हायला थोडा अवधी लागतो.

डोईवर मोजायचं काय, एकत्र मोजायचं काय

अंदाजपत्रक चार ओळींचं होतं. घर 90 भाग, ड्रायव्हरसकट गाडी 27, फक्त आमच्यासाठी भाड्यानं घ्यायची बोट 18, आणि सगळ्यांचं मिळून जेवणखाण डोई साडेचार म्हणजे दहा जणींचं 45. एकूण 180. उत्सवमूर्तीचा वाटा नऊ जणींनी उचलायचा, म्हणून प्रत्येकी 20. दहाही जणींनी भरले असते तर प्रत्येकी 18 आले असते. म्हणजे तिला घेऊन जाण्याची आमची भेट प्रत्येकी 2 भागांची होती. हा आकडा मी सगळ्यांना मोकळेपणानं सांगितला. भेट केवढी आहे हे ठाऊक असलं की नंतर वेगळ्या भेटवस्तूसाठी वर्गणी काढायची का, हा प्रश्न आपोआप सुटतो. आम्ही काढली नाही. गट लहान असेल तर हे जास्तच जपावं लागतं. चौघींच्या सहलीत तिघींनी चौथीचा खर्च उचलला की प्रत्येकीचा वाटा थेट एक तृतीयांशानं वाढतो.

तिचा वाटा म्हणजे काय, हेही लिहून ठेवलं: घर, गाडी, बोट आणि सगळ्यांनी मिळून घेतलेली जेवणं. जमण्याच्या ठिकाणापर्यंतचं तिकीट तिचं तिनं काढायचं. मद्य, मसाज, खरेदी हे ज्याचं त्यानं. मद्य सामाईक खर्चातून बाहेर ठेवणं फार सोयीचं पडतं. आमच्यात तिघी घेत नाहीत, आणि बिलाच्या वेळी त्यांनी मोठ्या मनानं "असू दे गं" म्हणावं अशी वेळ त्यांच्यावर आणण्यात काही शहाणपण नाही.

त्या चार ओळींत एक महत्त्वाचा फरक दडलेला आहे. जेवण डोईवर वाढतं आणि डोईवर कमी होतं. घर, गाडी आणि बोट यांना मात्र आपण किती जणी आहोत याच्याशी काहीही देणंघेणं नसतं. 180 पैकी 135 भाग असे अचल होते, म्हणजे खर्चाचा तीन चतुर्थांश हिस्सा. अशा सहलीत एक जण कमी झाली की खर्च एका व्यक्तीनं कमी होत नाही, तो फक्त उरलेल्यांच्या अंगावर सरकतो.

यावर 10 टक्के राखीव धरून आम्ही प्रत्येकी 22 गोळा करायचं ठरवलं. मर्यादेला अगदी टेकून.

घर निवडताना

बुकिंग पाहणारीनं घरं खाटा मोजून निवडली नाहीत, न्हाणीघरं मोजून निवडली. तिचं गणित साधं होतं. दहा जणी, प्रत्येकीला सकाळी वीस मिनिटं. न्हाणीघरं दोन असतील तर पहिली आत गेल्यापासून शेवटची बाहेर येईपर्यंत 100 मिनिटं. तीन असतील तर 80 मिनिटं. सकाळी 10 ला कुठं पोचायचं असेल तर हा फरक म्हणजे निवांत चहा की आरडाओरडा, एवढा असतो. घराच्या जाहिरातीत झोपायची सोय ठळक अक्षरांत असते, न्हाणीघरांचा आकडा खाली कुठंतरी सापडतो.

निवडलेल्या घरात चार दुहेरी खोल्या, हॉलमध्ये दोघींपुरता उघडणारा सोफा आणि तीन न्हाणीघरं होती. सोफ्यावर झोपणाऱ्या दोघींनी पूर्ण वाटा का भरायचा, यावर थोडी कुजबुज सुरू झाली होती. प्रश्न रास्तच होता. त्यांचा वाटा थोडा कमी करून फरक खोल्यांवर टाकायचा, असं मी मनाशी ठरवलंही होतं. पुढं गळती झाली आणि सोफा रिकामाच राहिला.

मालकाला पहिल्याच मेसेजमध्ये खरं कारण आणि खरी संख्या सांगितली. "मैत्रिणींची सहल आहे" एवढं मोघम लिहून वेळ मारून न्यायचा मोह होतो, पण पुष्कळ घरमालक लग्नाआधीच्या टोळक्यांना बिचकून असतात. एअरबीएनबीनं ऑगस्ट 2020 मध्ये आपल्या यादीतल्या घरांत पार्ट्या करण्यावर जगभर बंदी घातली आणि जून 2022 मध्ये ती कायमची केली. मालकानं दारात उभं राहून परत पाठवलं तर दहा जणींना त्याच दिवशी दुसरं घर मिळत नाही. आमच्या मालकानं दोन अटी सांगितल्या: रात्री 10 नंतर बाहेर आवाज नको आणि मुक्कामाला नोंदवलेल्यांशिवाय कुणी नको. दोन्ही आम्हाला चालणाऱ्या होत्या. नसत्या तरी त्या तेव्हाच कळणं बरं होतं.

रद्द करण्याच्या अटी अशा होत्या: 30 दिवस आधीपर्यंत सगळी रक्कम परत, 30 ते 14 दिवसांत अर्धी, त्यानंतर काही नाही. ही मुदत घर जिथं आहे तिथल्या घड्याळानं मोजली जाते, आपल्या नाही. म्हणून आणि माणसांचा स्वभाव लक्षात घेऊन आम्ही आमची आतली मुदत एक आठवडा अलीकडं ठेवली, सहलीच्या 37 दिवस आधी. त्या दिवसापर्यंत कुणीही बाहेर पडलं तर भरलेलं सगळं परत. त्यानंतर बाहेर पडणारीला जेवणाचे आणि राखीवचे पैसे परत मिळतील, घर आणि गाडीतला तिचा वाटा मात्र परत मिळणार नाही. बदली मैत्रीण आणायची तर उत्सवमूर्तीनं हो म्हटलं पाहिजे. इतर सहलींत रिकामी जागा कुणीही भरली तरी चालतं, इथं जी येणार ती तिला हवी असली पाहिजे.

हे सगळं पाच-सहा ओळींत लिहून ग्रुपवर टाकलं आणि पहिला हप्ता भरणं म्हणजेच या ओळी मान्य असणं, असं ठरवलं. नुसता अंगठा दाखवलेला धरला नाही. हप्ते दोन होते, 11-11 भागांचे. पहिला घर नोंदवण्याआधी, दुसरा त्या 37 दिवसांच्या मुदतीत. पहिल्या हप्त्यांतून 99 भाग जमले, त्यातून घराचे 90 निघाले आणि बुकिंग करणारीला स्वतःचं कार्ड रिकामं करावं लागलं नाही. नुकसानभरपाईची अनामत तेवढी तिच्या कार्डावर अडकणार होती. त्यासाठी वेगळी ओळ लिहिली: मोडतोड कुणाकडून झाली हे माहीत असेल तर तिनं भरायची, नसेल तर सगळ्यांनी सारखी.

पहिली गळती

सहलीला सहा आठवडे असताना एकीची नोकरीत बदली झाली. ती आमच्या मुदतीच्या आत होती. तिनं कळवलं, मी तिचे 11 भाग त्याच दिवशी परत पाठवले. प्रश्नच नव्हता.

पण अंदाजपत्रकाचं काय झालं पाहा. अचल खर्च 135 तसाच. नऊ जणींचं जेवण साडेचाळीस. एकूण 175.5, भरणाऱ्या आठ. प्रत्येकी जवळजवळ 22. म्हणजे एका गळतीनं राखीव सगळी खाल्ली. दोन महिन्यांपूर्वी 10 टक्के राखीव ऐसपैस वाटली होती. खर्चाचा तीन चतुर्थांश भाग अचल असलेल्या नऊ जणींच्या गटात ती बरोबर एका माणसाएवढी असते.

ग्रुपवर लगेच सूचना आली, "प्रत्येकी अजून दोन-दोन भरू या, काय होतंय?" सात जणींना काहीच होत नव्हतं. आठवीला होत होतं, आणि ते बोलायला ती काही पुढं येणार नव्हती. तिचा आकडा मी फोडू शकत नव्हते, आणि "कुणालातरी जड जाईल" असं म्हटलं असतं तरी सगळ्यांनी मनातल्या मनात माणसं मोजली असती. लहान घर बघावं तर त्या तारखांना ते उरलं नव्हतं. मग बुकिंग पाहणारी आणि मी बसून यादीतलं काय हलवता येईल ते पाहिलं. घर नाही, गाडी नाही, जेवणात काटकसर करणं म्हणजे रोजची कटकट. राहिली बोट.

खास आमच्यासाठीची बोट 18 भागांची होती. तीच फेरी इतर प्रवाशांसोबतच्या बोटीतून डोई एक भागात होत होती, म्हणजे नऊ जणींचे 9. "आपल्या एकट्यांची बोट" ही गंमत गेली, पण निम्मे पैसे वाचले, आणि अचल खर्चातली एक रक्कम डोईवरच्या खर्चात आली, हा त्याहून मोठा फायदा होता. पुढं कुणी गळलं तर निदान बोटीचा बोजा सरकणार नव्हता. एकूण खर्च 166.5 वर आला. वाटा 22 च ठेवला, 176 जमणार होते, राखीव साडेनऊ भाग. ग्रुपवर आम्ही एवढंच लिहिलं की बोट बदलली आहे, वाटा तोच आहे. एकीनं नाराजीचा चेहरा टाकला, तिथंच विषय मिटला.

दुसऱ्या कुणी इथं वेगळा निर्णय घेतला असता: ज्यांनी 40 म्हटलं होतं त्यांना खासगीत विचारून वरचे पैसे घ्यायचे. तेही चालतं, त्या दोघी आनंदानं देणाऱ्या असतील तर. मला ते नको वाटलं, कारण कुणी जास्त दिलंय हे सहलीत कधी ना कधी बाहेर पडतंच.

दुसरी गळती

सहलीला दहा दिवस राहिले असताना एकीच्या वडिलांना दवाखान्यात ठेवावं लागलं. ती येणार नाही हे तिनं फोन करून सांगितलं, आणि चार दिवसांनी, सावरल्यावर, विचारलं, "अगं, मी येतच नाहीये तर माझे पैसे?"

नियम लिहिलेला होता. घर आणि गाडी मिळून 117, भरणाऱ्या आठ, तिचा वाटा साधारण 15. बाकीचे 7 भाग तिला परत द्यायचे. मी तिला हे समजावलं तेव्हा नियमाचा हवाला दिला नाही, हिशेब दाखवला. तिची खाट रिकामी राहिली तरी भाडं थांबत नाही, आणि तिला सगळे परत दिले तर ते 15 सात जणींच्या खिशातून जातात, त्यातल्या एकीला ते झेपणारे नाहीत. ती म्हणाली, "तसं असेल तर राहू दे, मला फक्त कळत नव्हतं."

दोघी-तिघींना हे कठोर वाटलं. आजारपणाला सूट हवी, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांची भावना पटते, पण सामाईक पैशातून सूट द्यायला मी तयार नव्हते. कारण एकदा कारण तोलायला बसलं की पुढच्या वेळी कुणाचं कारण पुरेसं मोठं आहे, हे आपण ठरवत बसतो. ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या खिशातून द्यावं, हे मी सुचवलं. दोघींनी तसं केलंही. किती ते मला माहीत नाही, आणि वहीत ते यायचं कारणही नाही.

या गळतीनं अंदाजपत्रकाला धक्का लागला नाही. जमा 176 मधून 7 गेले, 169 उरले. खर्च 117 अधिक आठ जणींचं जेवण आणि बोट, म्हणजे 161. राखीव 8. पहिल्या गळतीनं राखीव पूर्ण गिळली होती, दुसरीनं जेमतेम दीड भाग. फरक फक्त मुदतीच्या त्या ओळीचा आणि बदललेल्या बोटीचा.

निवांत कार्यक्रम म्हणजे किती कार्यक्रम

"निवांत" म्हणजे काहीच न ठरवणं, असं धरलं तर आठ जणी सकाळी अकरापर्यंत "आता काय करू या?" यावर चर्चा करतात. आणि भरगच्च यादी केली तर दुपारपासून कुणीतरी हातात घड्याळ घेऊन बाकीच्यांना हाकत बसतं. आम्ही दिवसाला वेळेची बांधलेली एकच गोष्ट ठेवली. उरलेल्या वेळात जिला जे करायचं ते करावं, आणि कुणालाही सगळीकडं यायची सक्ती नाही.

पहिल्या दिवशी बांधलेली गोष्ट होती ती गाडी. सगळ्या वेगवेगळ्या गावांहून येणार होत्या. शेवटची मैत्रीण दीडला पोचणार होती, गाडी तीनला निघणार होती. हा दीड तासांचा अवकाश वेळापत्रकात फुकट गेल्यासारखा दिसतो. तिची गाडी पन्नास मिनिटं उशिरा आली, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. तीननंतर येणारीनं आपल्या खर्चानं मागून यायचं, हे ठरलेलं होतं. ड्रायव्हरला थांबवून ठेवलं तर त्याचे तासाचे पैसे लागतात, आणि ते सामाईक असतात. गाडी 12 आसनी घेतली होती, कारण आसनांच्या आकड्यात सामान धरलेलं नसतं. दहा जणींच्या दहा बॅगा शेवटच्या दोन जागा घेणार, हे धरूनच चालावं. संध्याकाळी काहीही ठेवलं नाही. खोल्या वाटून घेणं, घराचे फोटो काढून ठेवणं (आधीच तुटलेली एक खुर्ची आणि भिंतीवरचा एक डाग त्यात आला) आणि गप्पा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट. तिसऱ्या दिवशी फक्त रात्रीचं जेवण बाहेर. आठ जणांचं टेबल आयत्या वेळी मिळणं अवघड असतं, आणि आगाऊ सांगितलं तर मोठ्या गटाला बहुतेक ठिकाणी थोडे पैसे आधी भरावे लागतात किंवा ठरावीक पदार्थांची यादी घ्यावी लागते. आम्ही यादी घेतली, कारण त्यात डोई किती हे आधीच कळतं आणि बिल फोडायचा प्रश्न उरत नाही. कोण काय खात नाही, कुणाला कशाची ॲलर्जी आहे, हे आठवडाभर आधी विचारून हॉटेलला कळवलं होतं. चौथ्या दिवशी 11 ला घर सोडायचं, एवढंच.

उत्सवमूर्तीला ठिकाण आणि तारखा माहीत होत्या, कार्यक्रम माहीत नव्हता. पण तिला आधी एक विचारलं होतं: तुला काय अजिबात नको आहे? तिनं तीन गोष्टी सांगितल्या. एकसारखे टी-शर्ट नकोत, अनोळखी लोकांसमोर खेळ नकोत, सहल संपेपर्यंत फोटो कुठं टाकायचे नाहीत. "काय हवं?" विचारलं असतं तर ती "तुम्ही ठरवाल ते" म्हणाली असती. नको असलेलं सांगणं तिला सोपं गेलं, आणि त्यातून आमचं निम्मं नियोजन झालं, कारण सुचवलेल्या गोष्टींपैकी निम्म्या या तीन नकारांत बसत होत्या.

तिसऱ्या दुपारी चौघी झोपल्या होत्या, दोघी पाण्यात होत्या, एक फोनवर घरच्यांशी बोलत होती आणि उत्सवमूर्ती पुस्तक वाचत होती. ग्रुपवर सहल ठरत असताना हे चित्र कुणी लिहिलं असतं तर "मग जायचं कशाला?" असं उत्तर आलं असतं.

शेवटचा हिशेब

प्रवासात सगळा सामाईक खर्च एकाच खात्यातून केला. त्याचं कार्ड माझ्याकडे, दुसरं कार्ड बुकिंग पाहणारीकडे, आणि रोज रात्री झोपण्याआधी सगळं वहीत. आठ जणींनी आपापल्या खिशातून खर्च करून नंतर वाटायचं म्हटलं तर जोड्या 28 होतात, म्हणजे एकमेकींची देणी तितक्या ठिकाणी अडकू शकतात. स्प्लिटवाइजसारखं ॲप ती एकमेकांत वळवून कमी करतं. आठ जणींची कितीही गुंतागुंत असली तरी ती जास्तीत जास्त सात व्यवहारांत मिटते. पण पैसे आधीच एका जागी असतील तर गुंताच होत नाही, फक्त उरलेलं परत द्यायचं राहतं.

अंदाजापेक्षा दोन गोष्टी वाढल्या. जेवणखाणाचे 36 चे 39 झाले, बहुतेक पाणी, बर्फ आणि रात्री उशिराचं खाणं यांमुळे. आणि बाहेरच्या जेवणाच्या रात्री आम्ही तासाभराहून जास्त रेंगाळलो, त्याचे ड्रायव्हरला दीड भाग द्यावे लागले. राखीव 8 मधून साडेचार गेले, साडेतीन उरले, प्रत्येकी अर्धा भाग परत.

उत्सवमूर्तीनं शेवटच्या सकाळी मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग, माझे किती झाले?" मी आकडा सांगितला नाही. तिला काहीतरी करायचंच होतं, म्हणून परतीच्या वाटेवरचा चहा आणि खाणं तिनं केलं, आणि ते वहीत लिहिलं नाही. न आलेल्या दोघींसाठी तिनं फोटोंचा वेगळा अल्बम करून पाठवला.

घराची अनामत पाच दिवसांनी कार्डावर मोकळी झाली. मालकानं तुटलेल्या खुर्चीबद्दल विचारलं होतं, पहिल्या संध्याकाळचा फोटो पाठवल्यावर तो विषय संपला. अनामत सुटल्यावरच मी प्रत्येकीचा अर्धा भाग परत पाठवला आणि वही बंद केली.